विश्लेषण : न केलेल्या व्यवहाराचा भुर्दंड कुणाला, बँकेला की ग्राहकाला?

ऑक्टोबर २०२२च्या सुरुवातीला मुंबईतील एका आयुर्वेदिक औषध कंपनीच्या बँक खात्यातून जवळपास ७६ लाख ९० हजार रुपये परस्पर वळते झाले. आदल्या दिवशी कोणीतरी नेट बँकिंगमधून या खात्याला नवे लाभार्थी जोडले होते. असे लाभार्थी जोडताना नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी यायला हवा. तो आलाच नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. पैसे गेल्याचे लक्षात येताच कंपनीने बँकेला कळवले आणि सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. बँकेने जबाबदारी नाकारली, बँकिंग लोकपालांनीही तक्रार फेटाळली. अखेर जून २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. गिरीश कुलकर्णी आणि न्या. फिरदोश पूनीवाला यांच्या खंडपीठाने बँकेला ही सगळी रक्कम व्याजासह परत करण्याचा आदेश दिला.

या निकालाचा पाया होता रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७चे एक परिपत्रक. ग्राहकाने न केलेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहाराचे नुकसान कोणी किती सोसायचे, याची विभागणी त्यात आहे. खाते असलेल्या प्रत्येकाला ते लागू होते, पण पैसे गेल्यावर शाखेत धावत जाणाऱ्या बहुतेकांना ते ठाऊक नसते. बँकेच्या काउंटरवर ते कोणी आपणहून सांगेल, अशी आशाही फार धरू नये.

नियम काय सांगतो?

परिपत्रक पहिला प्रश्न विचारते तो असा की चूक कुणाची? त्याची तीन उत्तरे संभवतात.

पहिले, चूक बँकेची. बँकेच्या यंत्रणेत त्रुटी होती, कर्मचाऱ्याचा हात होता किंवा हलगर्जी झाली. अशा वेळी ग्राहकाची जबाबदारी शून्य. त्याने तक्रार केली की नाही, उशिरा केली का, हेही येथे पाहिले जात नाही.

दुसरे, चूक ग्राहकाची. त्याने ओटीपी, पिन किंवा पासवर्ड दुसऱ्याला दिला. तेव्हा बँकेला कळवेपर्यंत झालेले सगळे नुकसान त्याचे. मात्र कळवल्यानंतर जे जाईल, ते बँकेचे.

तिसरे, चूक ना बँकेची ना ग्राहकाची. ती व्यवस्थेत तिसऱ्याच कुठेतरी आहे. एखाद्या खरेदीच्या संकेतस्थळावरून कार्डांची माहिती फुटली, कोणीतरी खोटी कागदपत्रे देऊन ग्राहकाच्या नंबरचे दुसरे सिम काढले, अशी ही प्रकरणे. येथे निकाल लागतो तो दिवसांवर. बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवले तर ठरावीक मर्यादेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, उरलेले बँकेचे. सात दिवस उलटले तर त्या बँकेच्या संचालक मंडळाने मंजूर केलेले धोरण लागू होते आणि ते प्रत्येक बँकेचे वेगळे असू शकते.

चार ते सात दिवसांच्या टप्प्यातली मर्यादा खात्याच्या प्रकारावर आहे. जनधनसारख्या मूलभूत बचत खात्याला ५ हजार रुपये, नेहमीच्या बचत खात्याला आणि ५ लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाला १० हजार, तर मोठ्या चालू खात्यांना आणि ५ लाखांवरच्या क्रेडिट कार्डांना २५ हजार.

सहकारी बँकांसाठी असेच परिपत्रक डिसेंबर २०१७मध्ये निघाले. त्यामुळे गावातल्या नागरी सहकारी बँकेत खाते असले, तरी हे संरक्षण आहे. पतसंस्थेची गोष्ट वेगळी. ती बँक नव्हे आणि रिझर्व्ह बँकेच्या या नियमांच्या कक्षेत येत नाही. बोर्डावर मोठ्या अक्षरांत काहीही लिहिलेले असो, ठेवीदाराने हा फरक ओळखून असावे.

तीन दिवस मोजायचे कसे?

येथेच बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून एक उदाहरण तपशिलात पाहू. समजा, साताऱ्यातील एका शिक्षिकेचे बचत खाते आहे. गुरुवारी रात्री साडेअकराला तिच्या मोबाइलवर लागोपाठ तीन संदेश येतात. परदेशी संकेतस्थळावर तिच्या डेबिट कार्डाने १८ हजार, पुन्हा १८ हजार आणि मग ६ हजार रुपयांची खरेदी झालेली असते. एकूण ४२ हजार. तिने कोणाला काही सांगितलेले नाही, कुठल्या लिंकवर बोट ठेवलेले नाही. ओटीपीही आलेला नाही, कारण परदेशातील अनेक संकेतस्थळांवर तो लागत नाही.

संदेश आला तो गुरुवार मोजायचा नाही. शुक्रवार हा पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी महिन्याचा दुसरा शनिवार आहे, बँक बंद. रविवारही बंद. म्हणून सोमवार हा दुसरा दिवस आणि मंगळवार तिसरा. मूळ शाखा ज्या दिवशी उघडी असते, तेच दिवस धरायचे. शिक्षिकेने मंगळवारपर्यंत बँकेला कळवले, तर ४२ हजारांतला एक रुपयाही तिच्या माथी येत नाही.

आता समजा, ती परीक्षेच्या कामात होती, संदेश वाचायचे राहिले आणि गुरुवारी तिने बँकेला फोन केला. म्हणजे पाचवा दिवस. बचत खात्याची मर्यादा १० हजार, तेव्हा आपले १० हजार जातील आणि ३२ हजार परत मिळतील, असा हिशेब ती मनात मांडेल. तो चुकीचा आहे. परिपत्रकातली मर्यादा प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र लागते. व्यवहाराची रक्कम किंवा १० हजार, यातले जे कमी असेल ते ग्राहकाचे. म्हणून पहिल्या व्यवहाराचे १० हजार, दुसऱ्याचे १० हजार आणि तिसऱ्याचे पूर्ण ६ हजार, असे २६ हजार तिचे आणि फक्त १६ हजार बँकेचे. दोन दिवसांच्या उशिराची किंमत २६ हजार रुपये. चोरटे मोठी रक्कम एकदम न काढता तुकड्यांत काढतात, त्यामुळे हा फरक अनेकांना महागात पडतो.

पुढचा शनिवार तिसरा, बँक उघडी. तो सातवा दिवस. त्यानंतर मात्र बँकेच्या धोरणाच्या भरवशावर राहावे लागेल.

मुदत सुरू होते ती बँकेचा संदेश ग्राहकाला मिळाल्यापासून. संदेश केव्हा पोहोचला आणि ग्राहकाचे उत्तर केव्हा आले, याची तारीख-वेळेसह नोंद ठेवणे बँकेवर बंधनकारक आहे. पण याची दुसरी बाजूही आहे. बँकेत नोंदवलेला नंबर कधीच बंद झालेला असतो, किंवा वडिलांच्या खात्याला पुण्यात राहणाऱ्या मुलाचा नंबर जोडलेला असतो आणि मुलगा बँकेचे संदेश न वाचता पुसून टाकतो. असा वाद उभा राहिला की ‘आम्ही संदेश पाठवला होता’ हे बँकेचे उत्तर खोडून काढणे कठीण होते.

ओटीपी दिला, म्हणजे सगळे संपले?

नाही, आणि हा भाग सर्वांत कमी लोकांना माहीत आहे. ओटीपी दिल्यावर आपलीच चूक झाली, या शरमेने माणूस गप्प बसतो. घरच्यांनाही सांगत नाही. पण नियमाने ग्राहकाचे नुकसान तो कळवतो त्या क्षणी थांबते.

समजा, सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी वीजबिल थकल्याचे सांगणारा फोन आला आणि गडबडीत ओटीपी दिला गेला. ११.४२ला २५ हजार गेले, ११.५०ला आणखी २० हजार. ग्राहकाने ११.५५ला बँकेच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांक मिळाला. तरीही बँकेने खाते वेळेत रोखले नाही आणि १२ वाजून ५ मिनिटांनी आणखी ३० हजार गेले. पहिले ४५ हजार ग्राहकाचे, पण शेवटचे ३० हजार बँकेने द्यायचे. म्हणूनच तक्रार क्रमांक आणि त्यावरची वेळ जपून ठेवायची. तोच पुरावा.

शिवाय ग्राहकाची चूक असली, तरी त्याची जबाबदारी माफ करण्याचा अधिकार परिपत्रकाने बँकांना दिलेला आहे. बँका तो सढळपणे वापरतात असे नाही, पण अर्ज करताना त्याचा उल्लेख करायला काही हरकत नाही.

नियमाची एक मर्यादा मात्र स्पष्ट समजून घ्यावी लागेल. ग्राहकाने स्वतः यूपीआय पिन टाकून कोणाला पैसे पाठवले आणि नंतर ती फसवणूक निघाली, तर बँका त्याला ग्राहकाने अधिकृतपणे केलेला व्यवहार मानतात. ‘डिजिटल अरेस्ट’च्या भीतीने केलेले आरटीजीएस, खोट्या शेअर ट्रेडिंग ॲपमध्ये भरलेले पैसे, घरभाड्याच्या नावाखाली घेतलेली अनामत, ही सगळी प्रकरणे याच गटात जातात. तेथे २०१७च्या परिपत्रकाची ढाल कमकुवत पडते आणि सगळा भर पैसे वाटेत अडवण्यावर येतो.

मग १९३० कशासाठी?

पैसे गेल्यावर दोन घड्याळे एकाच वेळी सुरू होतात. नुकसान कुणाचे, हे ठरवणारे घड्याळ दिवसांत चालते. गेलेले पैसे सापडतील का, हे ठरवणारे मिनिटांत.

चोरलेली रक्कम पहिल्यांदा जाते ती भाड्याने घेतलेल्या खात्यात. एखाद्या मजुराला किंवा विद्यार्थ्याला थोडे पैसे देऊन त्याचे खाते, एटीएम कार्ड आणि सिम ताब्यात घेतलेले असते. तेथून ती चार-पाच खात्यांत फुटते, त्यातून आणखी खात्यांत आणि मग कुठल्यातरी एटीएममधून रोख निघते. रोख निघाली की माग जवळपास संपतो.

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राची १९३० ही हेल्पलाइन हा प्रवास अडवण्यासाठी आहे. फोन घेणारा पोलीस कर्मचारी व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि बँक विचारतो आणि माहिती संगणक यंत्रणेत टाकतो. ती ग्राहकाच्या बँकेकडे जाते. पैसे कुठल्या बँकेत गेले, हे ती बँक दाखवते आणि मग सूचना त्या पुढच्या बँकेकडे जाते. जिथे पैसे अजून शिल्लक असतील, तिथे ती रक्कम गोठवली जाते. पैसे पुढे गेले असतील, तर साखळीतल्या पुढच्या बँकेला सूचना. पाठलाग आणि पळ यांचीच ही शर्यत आहे, म्हणून पोलीस पहिल्या तासावर इतका जोर देतात. हीच तक्रार cybercrime.gov.in या संकेतस्थळावरही करता येते. गोठवलेली रक्कम परत मिळवायला मात्र सहसा न्यायालयाच्या आदेशाची पायरी चढावी लागते.

१९३०वर फोन केला म्हणजे बँकेला कळवल्यासारखेच झाले, असे समजून थांबू नये. नुकसानीचे दिवस मोजले जातात ते बँकेला सूचना मिळाल्यापर्यंतचे. तेव्हा दोन्हीकडे कळवायचे, बँकेकडे आधी, कारण कार्ड आणि खाते रोखण्याचे बटण तिच्या हातात आहे. आणि एफआयआर हातात आल्याशिवाय बँक तक्रार घेणार नाही, असे कोणी सांगितले तर ते मानू नये. सूचना ताबडतोब द्यायची, कागद नंतर.

तक्रार कशी करावी?

हेल्पलाइनचा नंबर कार्डाच्या मागून किंवा बँकेच्या ॲपमधून घ्यावा. इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ शोधून मिळालेला पहिला नंबर अनेकदा दुसऱ्या चोराचा असतो. एकदा लुटला गेलेला माणूस घाबरलेला असतो आणि त्या चोराला हेच हवे असते. अनधिकृत व्यवहार कळवण्याची सोय बँकेने २४ तास ठेवली पाहिजे, संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर त्याची थेट लिंक दिली पाहिजे आणि तक्रारीची पोच क्रमांकासह लगेच दिली पाहिजे, असे परिपत्रकात म्हटले आहे. त्यामुळे शनिवारी रात्री पैसे गेले, तर सोमवारी शाखा उघडण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

फोननंतर त्याच दिवशी ईमेल किंवा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. शाखेतल्या ओळखीच्या साहेबांना तोंडी सांगणे ही तक्रार नव्हे. महिनाभराने त्या साहेबांची बदली झालेली असते आणि हाती कागद नसतो.

अर्जात काय लिहिले जाते, याला फार महत्त्व आहे. बँकेच्या छापील अर्जात ओटीपी कोणाला दिला होता का, असा प्रश्न असतो. घाबरलेला ग्राहक तेथे ‘बहुधा दिला असेल’ असे लिहून मोकळा होतो आणि पुढे तेच वाक्य त्याच्याविरुद्ध दाखवले जाते. जे घडले ते खरे लिहावे. जे आठवत नाही, त्याचा अंदाज लिहू नये. ओटीपी आलाच नव्हता, तर तसे स्पष्ट नमूद करावे. मोबाइलमधले संदेश पुसू नयेत, फोन लगेच फॉरमॅटही करू नये. चोराने एखादे ॲप बसवायला लावले असेल, तर त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा, इंटरनेट बंद करावे आणि फोन पोलिसांना दाखवावा. मुंबईच्या प्रकरणात कंपनीच्या फोनवर ओटीपी आला नव्हता, हे सायबर पोलिसांच्या तपासातून पुढे आले आणि तेच निर्णायक ठरले.

बँक ‘नाही’ म्हणाली तर?

तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने वादातली रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते. विम्याचा दावा मंजूर होईपर्यंत थांबायची मुभा तिला नाही. व्यवहार झाला त्या तारखेपासून ही रक्कम जमा धरायची, म्हणजे ग्राहकाचे व्याज बुडत नाही आणि क्रेडिट कार्ड असेल तर जादा व्याज लागत नाही. तक्रार मिळाल्यापासून जास्तीत जास्त ९० दिवसांत जबाबदारी कुणाची, हे बँकेने ठरवायचे. तेवढ्या मुदतीत ठरवता आले नाही, तर नियमानुसारची भरपाई ग्राहकाला द्यावीच लागते.

प्रत्यक्षात पहिले उत्तर बहुधा ठरलेले असते. ‘व्यवहार योग्य पासवर्ड आणि ओटीपी वापरून झाला, म्हणून जबाबदारी आपली.’ हे वाक्य वाचून अनेक जण माघार घेतात. पण ग्राहकाची जबाबदारी आहे हे सिद्ध करण्याचा भार परिपत्रकाने बँकेवर टाकला आहे. ओटीपी वापरला गेला, एवढ्याने तो ग्राहकानेच दिला, हे सिद्ध होत नाही. तेव्हा बँकेकडे लेखी विचारावे की ओटीपी कोणत्या नंबरवर, किती वाजता पोहोचला? लाभार्थी केव्हा जोडला गेला? व्यवहार कोणत्या उपकरणावरून झाला? उत्तरे आली नाहीत, तर तेही पुढे उपयोगी पडते.

तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. ग्राहक आयोग आणि न्यायालय हे मार्ग त्यापलीकडे आहेतच.

गुवाहाटीतील एका ग्राहकाचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ऑनलाइन घेतलेला कपडा परत करायचा होता. दुकानाचा प्रतिनिधी असल्याचे भासवून एकाने त्याला फोन केला, मोबाइलवर ॲप घ्यायला लावले आणि स्टेट बँकेतील त्याच्या खात्यातून ९४ हजारांहून अधिक रुपये गेले. ॲप त्यानेच घेतले होते, तेव्हा दोष त्याचाच, असे कोणालाही वाटेल. पण ओटीपी दिला नसल्याचे त्याचे म्हणणे होते, खरेदीच्या संकेतस्थळावरून माहिती फुटलेली होती आणि मुख्य म्हणजे त्याने २४ तासांत बँकेला कळवले होते. गुवाहाटी उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. बँक सर्वोच्च न्यायालयात गेली. जानेवारी २०२५मध्ये न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने तिची याचिका फेटाळली आणि ग्राहकाने २४ तासांच्या आत बँकेला कळवल्याची नोंद आपल्या आदेशात आवर्जून केली.